तापमान बदललं तरी मोलॅरिटीच का? परासरण दाबाच्या एका गणिताची पार्श्वभूमी

बारावीच्या द्रावणांच्या धड्यावर एक गणित वर्षानुवर्षं फिरतंय. १० °से तापमानाला युरियाच्या द्रावणाचा परासरण दाब ५०० मिमी आहे. पाणी घालून ते पातळ केलं आणि तापमान २५ °से वर नेलं, तेव्हा दाब १०५.३ मिमी भरला. तर द्रावण किती पट पातळ केलं? सोलापुरात उन्हाळी बॅचला हे गणित फळ्यावर आलं, की मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला असतो: "सर, तापमान बदललंय की! मग मोलॅरिटी कशी काय घेतली? मोलॅलिटी नको का?"

शंका रास्त आहे. गोठणांक आणि उत्कलनांक शिकवताना आपणच पोरांच्या डोक्यात बसवतो, की द्रावण तापलं की फुगतं, आकारमान बदलतं, म्हणून मोलॅरिटी बदलते. मोलॅलिटी द्रावकाच्या वजनावर असते, तिला तापमानाचं काही नाही. पुढे परासरण दाबाशी आलं, की पुस्तकं सांगतात की हा दाब खोलीच्या तापमानाला मोजतात, म्हणून मोलॅरिटी चालते. इथे तर प्रश्नातच तापमान १५ अंशांनी हललंय, म्हणजे ते कारणही लंगडं पडतं. खरं कारण शोधायचं तर १८७७ सालात जावं लागतं.

त्या वर्षी विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने परासरणावरची आपली मोजमापं प्रसिद्ध केली. त्याला पेशींमधला दाब समजून घ्यायचा होता. सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत त्याने कॉपर फेरोसायनाईडचा पडदा तयार केला. असा पडदा पाणी जाऊ देतो, साखर अडवतो, हे मॉरिट्झ ट्राउबेने आधीच दाखवलेलं होतं. भांड्यात साखरेचं द्रावण, बाहेर पाणी, आणि पाणी आत शिरून चढणारा दाब पाऱ्याच्या नळीवर वाचायचा. १ टक्का द्रावणाला ५३५ मिमी, २ टक्क्यांना १०१६, ४ टक्क्यांना २०८२. साखर दुप्पट, तर दाब जवळपास दुप्पट. तापमान वाढवलं की दाब थोडा वाढतो, हेही त्याला दिसलं. पण त्यातून नियम काढणं हे काही त्याचं काम नव्हतं.

ॲमस्टरडॅममध्ये ह्यूगो द व्ह्रीस या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे आकडे आपला सहकारी व्हान्ट हॉफ याच्या नजरेस आणले. व्हान्ट हॉफने ते वायूंच्या नियमांशी ताडून पाहिले, आणि त्यातली एक पडताळणी म्हणजे आपलंच गणित आहे. फेफरच्या साखरेच्या एका द्रावणाचा दाब ३२ °से ला ५४४ मिमी होता. वायूसारखा हा दाबही निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलत असेल, तर १४.१५ °से ला तो ५१२ मिमी यायला हवा. फेफरने मोजलेला आकडा ५१० होता.

पुढची पायरी आणखी महत्त्वाची. फेफरचं १ टक्का द्रावण म्हणजे १०० ग्रॅम पाण्यात १ ग्रॅम साखर, म्हणजे चक्क वजनाचं माप. व्हान्ट हॉफने त्याचं आकारमान घेतलं, १००.६ घनसेंमी. वायूचा नियम PV = nRT असा असल्यामुळे त्याला V हवाच होता. साखरेचा रेणुभार ३४२ धरून आजच्या R ने हिशेब केला, तर ६.८ °से ला दाब ०.६६७ वातावरण येतो, फेफरने मोजला होता ०.६६४. १८८७ साली हे सगळं नव्या भौतिक-रसायनशास्त्राच्या जर्मन नियतकालिकात आलं, आणि १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल व्हान्ट हॉफला मिळालं.

म्हणजे πV = nRT हे मूळ सूत्र, आणि n/V ला C म्हटलं की π = CRT. मोलॅरिटी कोणी सोयीखातर निवडलेली नाही, ती V मधून आपोआप आली. आणि ती 'बदलते' ही तक्रार इथे लागू पडत नाही, कारण सूत्राला त्याच तापमानाची मोलॅरिटी हवी असते. १० अंशांना १० अंशांचं आकारमान, २५ ला २५ चं. दोन्हीकडे n तेवढाच राहतो.

आता गणित सोडवू. युरिया कुठे गेला नाही, म्हणून π₁V₁/T₁ = π₂V₂/T₂.

V₂/V₁ = (५०० × २९८) / (१०५.३ × २८३) = ५.०

पाचपट. तापमान विसरून नुसतं ५०० ला १०५.३ ने भागणाऱ्याला ४.७५ मिळतं, आणि असा अर्धवट आकडा आला की T सुटलंय हे लगेच ओळखावं.

द्रावण फुगण्याचा परिणाम किती, तेही बघू. पाण्याची घनता १० °से ला ०.९९९७ आणि २५ °से ला ०.९९७० आहे. म्हणजे नुसत्या फुगण्याने मोलॅरिटी पाव टक्क्याच्या आसपास घटते, तर T मुळे दाब ५.३ टक्के वाढतो. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित फ्लास्कवर २० °C किंवा २७ °C छापलेलं असतं ते याचसाठी. २७ ला खुणेपर्यंत भरलेलं द्रावण सोलापूरच्या मे महिन्यात ४२ अंशांवर गेलं, तर त्याची मोलॅरिटी अर्धा टक्का खाली येते. तोळामासा हिशेब असेल तर घनतेच्या गुणोत्तराने दुरुस्ती करावी, परीक्षेत गरज नाही.

गोठणांकाच्या सूत्रात मोलॅलिटी येते तीही मुळात तापमानाला घाबरून नव्हे. तिथे सगळा मामला द्रावकाचे मोल आणि द्राव्याचे मोल यांच्या गुणोत्तराचा असतो, आकारमान कुठे येतच नाही. Kf मध्ये R, शुद्ध द्रावकाचा गोठणांक, रेणुभार आणि वितळण्याची उष्णता एवढंच असतं. तापमानाने न बदलणं हा वरचा फायदा. आपण शिकवताना हा फायदाच कारण म्हणून सांगतो, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

मोलॅलिटीची बाजू मात्र पुढे खरंच वर आली, वेगळ्या कारणाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मोर्स आणि फ्रेझर यांनी साखरेच्या घट्ट द्रावणांचे दाब मोजले. २० °से ला १ मोलॅल साखरेची मोलॅरिटी ०.८२५ च असते, कारण साखर स्वतःच बरीच जागा खाते. मोलॅरिटीने हिशेब केला तर दाब १९.८ वातावरण येतो, मोलॅलिटी घातली तर २४.०, आणि प्रत्यक्षात भरतो २६.६ च्या आसपास. मोलॅलिटी जास्त जवळ जाते, कारण काटेकोर मांडणीत V हे द्रावणाचं नसून द्रावकाचं आकारमान असतं. द्रावण पातळ असलं की दोन्ही सारखेच. ५०० मिमीचा आपला युरिया जेमतेम ०.०२८ मोलर भरतो, तिथे फरक दिसणारही नाही. घट्ट पाकाला मात्र दोन्ही सूत्रं अपुरी पडतात, तिथे मोजून काढलेला परासरण गुणांक लावावा लागतो.