बेरीज २५, अंक पुन्हा नको, संख्या लहानात लहान : उत्तर १७८९ का?

आमचा गणित सराव संच वापरणाऱ्या पालकांचे आणि क्लासच्या शिक्षकांचे सर्वांत जास्त फोन एकाच प्रश्नासाठी येतात. ज्या संख्येच्या अंकांची बेरीज २५ आहे आणि जिच्यात एकही अंक दोनदा आलेला नाही, अशी लहानात लहान संख्या कोणती? उत्तरसूचीत १७८९ छापले आहे. कोणी विचारतात, तीन अंकी ७९९ असताना चार अंकी उत्तर कसे? कोणी म्हणतात, मुलीने ३५८९ लिहिले, अंक वेगळे आहेत, बेरीजही जुळते, मग चूक कुठे? छपाईत चूक नाही. १७८९ हेच बरोबर आहे. ते का, हे एकदा नीट पाहिले की या प्रकारातला कोणताही प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो.

आधी किती अंक लागतील ते ठरवायचे, कारण कमी अंकांची संख्या नेहमीच लहान असते. एका अंकात जास्तीत जास्त ९ बसतात. दोन वेगळ्या अंकांत ९ आणि ८ मिळून १७, तीन अंकांत ७ धरून २४, चार अंकांत ३०, पाच अंकांत ३५. पुढे ३९, ४२, ४४ आणि नऊ अंक वापरले तर ४५. हे आकडे पाठ करायची गरज नाही, ९ पासून उतरत्या क्रमाने बेरीज करत गेले की ते मिळतात. आपली बेरीज २५ आहे, म्हणजे २४ च्या एकाने पुढे. तीन अंकांत ती बसतच नाही. ७९९ आणि ८८९ मध्ये ती बसल्यासारखी दिसते, कारण तिथे एक अंक दोनदा वापरला आहे.

आता संख्या बांधायची ती उजवीकडून, एकक स्थानापासून. एककात ९ ठेवा, २५ मधून १६ उरले. दशकात ८, उरले ८. बहुतेक मुले इथेच अडखळतात. ‘उरले आठ, लिहा आठ’ असे हात आपोआप करतो आणि ८८९ तयार होते. उरलेली बेरीज थेट लिहायची नाही. आधी पाहायचे, अजून न वापरलेला सर्वांत मोठा अंक कोणता? तो ७ आहे. उरलेले ८ त्याहून जास्त आहेत, म्हणून शतकात ७ ठेवायचे. उरला १. आता न वापरलेला सर्वांत मोठा अंक ६, आणि १ त्याच्या आत आहे, म्हणून हा १ सर्वांत पुढे लिहायचा आणि थांबायचे. झाले १७८९.

नियम एका वाक्यात असा : उरलेली बेरीज पुढच्या न वापरलेल्या अंकाएवढी किंवा त्याहून कमी असेल, तर ती तशीच पुढे लिहून थांबा, जास्त असेल, तर तो अंक लिहा, वजा करा आणि पुन्हा तुलना करा. मुलांना आम्ही वहीच्या कोपऱ्यात ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १ असे लिहून वापरलेला अंक खोडायला सांगतो. खोडलेला अंक डोळ्यांसमोर राहिला की ८८९ होत नाही.

राहिला ३५८९ चा प्रश्न. ही चूक जास्त हुशार मुलांची असते. त्यांना ८ पुन्हा चालत नाही हे कळलेले असते, म्हणून ते उरलेले ८ फोडतात, पण ५ आणि ३ असे. ही संख्या लहान करता येते का ते पाहा. पुढच्या ३ मधला एक काढून मागच्या ५ ला द्या. बेरीज तीच राहते, संख्या होते २६८९. पुन्हा एक काढा आणि ६ ला द्या : १७८९. हजाराच्या घरातून एक कमी झाला आणि शतकाच्या घरात एक वाढला, म्हणजे प्रत्येक वेळी संख्या ९०० ने लहान झाली. आता आणखी काढता येईल का? मागे ७, ८, ९ आहेत. ७ ला एक दिला तर ८ दोनदा येतो, ८ ला दिला तर ९ दोनदा येतो, आणि ९ च्या वर अंकच नाही. मागची घरे भरली. म्हणून इथे थांबावे लागते.

यातूनच तपासण्याची सोपी खूण मिळते. पहिला अंक झाका. मागे राहिलेले अंक एकही न गाळता ९ पर्यंत ओळीने आले पाहिजेत. बेरीज ३७ साठी कोणी ३४६७८९ लिहिले, तर बेरीज जुळते आणि अंकही वेगळे आहेत. पण ३ झाकल्यावर ४ नंतर थेट ६ दिसतो, ५ गळला आहे. उत्तर २५६७८९. पडताळून पाहा : ९, ८, ७, ६ ठेवल्यावर ७ उरतात, पुढचा मोकळा अंक ५ घेतला की २ उरतात, आणि ते पुढे जातात. बेरीज २० साठी याच रीतीने ३८९ येते.

शून्याबद्दलही विचारणा होते. शून्याने बेरीज वाढत नाही, फक्त एक घर वाढते, म्हणून या प्रश्नात तो कधीच लागत नाही. बेरीज १० साठी १९ पुरते, १०९ नको. बेरीज ४५ ला १२३४५६७८९ आणि तिथे हा प्रकार संपतो. संचातल्या ४८ च्या प्रश्नाला ‘अशी संख्या नाही’ हाच पर्याय बरोबर आहे.

एक इशारा मात्र मनापासून. प्रश्नात ‘चार अंकी’ असा शब्द असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. बेरीज २०, चार अंकी, अंक वेगळे, असे विचारले तर ३८९ चालणार नाही; ९ आणि ८ ठेवल्यावर उरलेले ३ दोन घरांत वाटावे लागतात आणि उत्तर १२८९ येते. झाकून पाहायची खूण अशा प्रश्नाला लावू नका. मुलांना ‘अंकी’ या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा.

आमच्या पर्यायांबद्दल काहींची नाराजी असते की ७९९, ८८९, ३५८९ आणि १७८९ असे चारही पर्याय फसवे ठेवले आहेत. ते मुद्दाम ठेवले आहेत. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक चुकीतून आला आहे, त्यामुळे मुलाने कशावर खूण केली यावरून त्याचे काय अडले ते पालकांना कळते : ७९९ असेल तर त्याने ‘अंक पुन्हा नको’ हे वाचलेच नाही, ८८९ असेल तर खोडायचे राहिले, ३५८९ असेल तर फोड चुकली. बेरीज कशीही न जुळणारे पर्याय दिले असते तर मुलाने नुसती बेरीज करून उत्तर उचलले असते.

१ ते ४५ पर्यंतच्या सर्व बेरजांची उत्तरे संचाच्या नव्या आवृत्तीत शेवटच्या पानावर दिली आहेत. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती आहे त्यांनी दुकानात पुस्तिका दाखवावी, ते पान वेगळे मिळेल, त्याचे पैसे नाहीत. उत्तराबद्दल शंका आली तर फोन करण्याआधी मुलाचे कच्चे काम जवळ ठेवा. ९ नंतर त्याने काय लिहिले ते सांगितलेत की चूक कुठल्या पायरीला झाली ते लगेच सांगता येते.