ई१४ की ई२७? फोटोत दोन्ही सारखेच दिसतात

बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, "दादा, हॉलमधल्या लटकत्या दिव्याचा बल्ब गेला, असाच आण." फोटोत पितळी आट्या, खाली काळा ठिपका, बाकी काही नाही. आट्या बघितल्या आणि मी गुपचूप ई२७ घेऊन गेलो, तर तो होल्डरच्या तोंडातच शिरेना.

आपल्याकडे घरोघरी दोन पिनांचा, दाबून फिरवायचा बी२२ असतो, तो ओळखायला काही अवघड नाही. घोळ होतो तो आट्यांच्या दोन भावंडांत, ई१४ आणि ई२७. ई म्हणजे एडिसनच्या आट्या आणि पुढचा आकडा म्हणजे आट्यांच्या भागाची जाडी, अंदाजे मिलिमीटरमध्ये. क्लोजअपमध्ये दोन्ही सेम दिसतात, कारण शेजारी मोजायला काहीच नसतं ना.

म्हणून तिला म्हटलं, दहा रुपयाचं नाणं आट्यांना चिकटवून ठेव आणि बरोबर वरून फोटो काढ. हे नाणं २७ मिमीचं असतं, त्यामुळे आट्या नाण्याएवढ्या रुंद दिसल्या तर ई२७, निम्म्याच्या आसपास दिसल्या तर ई१४. फोटो जरा तिरका आला तरी चालतंय, फरक जवळपास दुपटीचा आहे. तिच्या आट्या निम्म्याच निघाल्या.

आता वॅट. बल्बच्या मानेवर बारीक अक्षरात 5W 220-240V 50Hz 40mA 3000K असं छापलेलं होतं. भाऊजींनी २३० गुणिले ०.०४ करून "हा तर ९ वॅटचा आहे" म्हणून डिक्लेअर केलं. पण एलईडीत पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खऱ्या वॅटचा वाटा, कमी असू शकतो, इथे साधारण अर्धाच होता, म्हणून हा गुणाकार वॅट देत नाही. डब्ल्यूच्या आधी छापलेला आकडाच धरायचा, म्हणजे ५. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 40W दिसलं तरी फसू नका, ते जुन्या पिवळ्या बल्बची बरोबरी सांगायला असतं, आणि होल्डरवरचं Max 40W म्हणजे त्याहून जास्त वॅटचा बल्ब लावू नका एवढंच. त्या लिमिटमध्ये ५ वॅट आरामात बसतो, पण काचेचा गोळा चारही बाजूंनी बंद असेल तर मुद्दाम ९-१० वॅटचा नको, आत गरम होऊन बल्बमधलं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, लवकर जातं. 3000K म्हणजे पिवळसर उजेड, 6500K घेतला असता तर बाकीच्या चार बल्बांत हा एकटाच पांढराफटक दिसला असता.

ई१४ ला ई२७ करणारा अडॅप्टर मिळतो, पण बल्ब तेवढाच खाली येऊन शेडबाहेर डोकावतो, म्हणून मी नाही घेतला. नवा ई१४, ५ वॅट, 3000K आणला, मेन स्विच बंद करून फिरवला, बसला. आधी चुकून आणलेला ई२७ आता माझ्या टेबललॅम्पमध्ये आहे.