अरबी आज्ञार्थ व निषेधार्थ (छोट्या आयतींतील)

अरबीत आज्ञेच्या रूपापुढे नकार लावून मनाई करता येत नाही. दोन्हींची घडण वेगळी आहे. आज्ञेला 'अम्र' म्हणतात. 'तक्तुबु' (तू लिहितोस) यातला पहिला 'त' आणि शेवटचा स्वर काढला की 'क्तुब' उरते. जोडाक्षराने सुरुवात अरबीला चालत नाही, म्हणून आधाराचा स्वर घेऊन 'उक्तुब' (लिही) होते. मनाईत, म्हणजे 'नह्य'मध्ये, तो 'त' टिकतो. आधी 'ला' येतो आणि शेवटचा स्वर तेवढा गळतो: 'ला तक्तुब', लिहू नकोस. स्वर ठेवून 'ला तक्तुबु' म्हटले, तर 'तू लिहीत नाहीस' एवढे साधे विधान होते.

कुराणातल्या छोट्या आयतींत, म्हणजे वचनांत, घोटाळा इथेच होतो. आयतीअखेर थांबताना शेवटचा ऱ्हस्व स्वर उच्चारत नाहीत, त्यामुळे मनाई आणि विधान कानाला सारखेच लागू शकतात. मग लिखित खूण आणि संदर्भ पाहावा लागतो. कुराणातील ८७:६ मध्ये, म्हणजे ८७व्या अध्यायाच्या सहाव्या आयतीत, 'फला तन्सा' आहे. मनाई असती तर नियमाने दीर्घ स्वर गळून 'तन्स' झाले असते. म्हणून बहुतेक भाष्यकार 'मग तू विसरणार नाहीस' असे आश्वासन मानतात. काहींनी मात्र हा दीर्घ स्वर यमकासाठी राखला असे म्हणून 'विसरू नकोस' असा अर्थ घेतला. मराठीत भाषांतर करताना यांपैकी एकच अर्थ निवडता येतो.

सूर कसा ठरतो, हे अद्-दुहा (९३) या सूरहच्या, म्हणजे अध्यायाच्या, अखेरीस दिसते. 'तू अनाथ होतास, त्याने आसरा दिला नाही का?' अशी आठवण आधी येते, मग 'फअम्मल यतीम फला तक़्हर, व अम्मस्साइल फला तन्हर'. कर्म क्रियापदाच्या आधी आणले आहे. जोर अनाथावर आणि मागणाऱ्यावर आहे. मराठीत कर्म एरवीही आधीच येते, त्यामुळे हा जोर 'तर' घालून दाखवावा लागतो: 'तर अनाथाला दडपू नकोस, आणि जो मागायला येतो त्याला झिडकारू नकोस.' दोन मनाया झाल्यावर 'फहद्दिस' ही सरळ आज्ञा येते आणि यमकही मोडते: 'आणि तुझ्या पालनकर्त्याची कृपा, ती सांग.'

इथे 'दडपू नये' लिहिले की समोरचा माणूसच नाहीसा होतो आणि भिंतीवरचा सुविचार उरतो. 'नका'ही अडचणीचे आहे. अरबी रूप एकवचनी असून ते पैगंबरांना उद्देशून आहे. आदरार्थी 'नका' वापरले, तर अनेकांना केलेल्या मनाईपासून ते वेगळे ओळखता येत नाही. बोलणारा ईश्वर आहे आणि सूर धीर देण्याचा आहे, म्हणून 'नकोस' यातली जवळीकच योग्य. उलट 'इह्दिना' (१:६) हेही व्याकरणाने आज्ञार्थच आहे, पण ते माणूस ईश्वराला म्हणतो. अरबी अलंकारशास्त्र अशा रूपाला 'दुआ' म्हणते, आणि मराठीतले 'आम्हांला सरळ मार्ग दाखव' हेही सहज विनवणीच वाटते.