पाणी येतंय, पण मोटार उलटी आहे

डीपी जळाली, चार दिवसांनी नवी बसली आणि त्याच संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "मोटार चालू आहे, पाणीपण येतंय, पण तुषारच्या तोट्या फिरेनात. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल का रे?"

मी विचारलं, "बांधापलीकडच्या विहिरीचं पाणी कसं आहे?"

"तो शेजारीही त्याचं कमीच झालंय म्हणतो."

दोन विहिरींचे फूटव्हॉल्व्ह एकाच दिवशी तुंबत नाहीत. डीपी बदलताना दोन फेजांची अदलाबदल झाली असणार, म्हणजे त्या डीपीवरच्या सगळ्याच मोटारी उलट्या फिरत असणार.

अण्णांना हे पटेना. मोटार उलटी फिरली तर पंपाने पाणी परत विहिरीत ढकलायला हवं, हा त्यांचा मुद्दा. बहुतेकांना असंच वाटतं आणि इथेच फसगत होते. सेंट्रीफ्यूगल पंपातला इम्पेलर कुठल्याही दिशेने फिरला तरी पाणी मधून बाहेरच भिरकावतो, त्यामुळे पाणी डिलिव्हरीकडेच जातं. फक्त इम्पेलरच्या पात्यांचा बाक आणि भोवतीच्या शंखासारख्या घराचं वळण एकाच दिशेसाठी केलेलं असतं. उलट फिरताना पाणी त्या वळणाशी झगडतं, दाब कमी होतो. पाइपाच्या तोंडाशी पाणी बरं दिसतं, पण तुषारला लागणारा जोर त्यात नसतो. काही पंपांत तर इम्पेलरचा आटा उलट्या फिरण्याने सुटतो, म्हणून अशी मोटार "चालतंय ना" म्हणून चालवत ठेवू नये.

आता फेज बदलल्याने दिशा का बदलते? थ्री फेजमध्ये लाल, पिवळा आणि निळा या तीन तारांतला विजेचा दाब एकाच वेळी शिगेला पोचत नाही. आधी लाल, मग पिवळा, मग निळा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे हा फेरा सेकंदाला 50 वेळा होतो, आणि एका फेजनंतर दुसरा साधारण एक सेकंदाच्या दीडशेव्या भागाने येतो. मोटारीच्या तीन वाइंडिंग गोलात बसवलेल्या असतात. त्यामुळे चुंबकाचा जोर एका वाइंडिंगकडून पुढच्या वाइंडिंगकडे सरकत जातो आणि रोटर त्याच्या मागे ओढला जातो. म्हणजे दिशा ठरते ती या क्रमावरून.

तो क्रम तोंडाने म्हणून पाहा: ला-पि-नि-ला-पि-नि. आता पिवळा आणि निळा यांची जागा बदला: ला-नि-पि-ला-नि-पि. हा पहिलाच क्रम उलटा वाचलेला आहे. कुठल्याही दोन तारा बदलल्या तरी हेच होतं. पण तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवल्या तर पि-नि-ला-पि-नि-ला, म्हणजे क्रम जुनाच. "तिन्ही वायरी बदलून पाहिल्या, तरी मोटार उलटीच" असं सांगणारे मला दर हंगामात भेटतात, त्याचं कारण हे.

काम दोन वायरींचं, पाच मिनिटांचं. वेळ लागतो तो सप्लाय खरंच बंद आहे याची खात्री करायला, आणि तो लागू द्यावा. शेतातला सर्वात मोठा धोका म्हणजे "आत्ता लाइट नाहीच" हा भरवसा. लाइट केव्हाही येते आणि पेटीत ऑटो स्विच लावलेला असेल तर मोटार आपोआप सुरूही होते. अण्णांच्या पेटीतही तो होताच. म्हणून आधी ऑटो बंद केला, स्टार्टर बंद, मेन स्विच खाली ओढला आणि फ्यूजच्या तिन्ही ग्रिप काढून माझ्या खिशात टाकल्या. ग्रिप खिशात असल्या की दुसरं कोणी येऊन मेन वर करू शकेल, पण करंट पुढे येणार नाही.

पुढची पायरी तपासणीची. खिशातला निऑन टेस्टर पेटला नाही म्हणजे तार मेली, असं धरू नये. कोरड्या फळीवर रबरी चपला घालून उभे असाल तर तो कधी कधी दिसेल न दिसेल असाच पेटतो. मी टेस्ट लॅम्प वापरतो. दोन फेजांमध्ये साधारण 415 व्होल्ट असतात, म्हणून त्यात 230 व्होल्टचे दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये आहेत. ग्रिप काढण्याआधी तो चालू सप्लायवर पेटतो हे बघून घेतलं होतं. आता स्टार्टरच्या टोकांवर प्रत्येक जोडीत लावला, मग प्रत्येक टोक आणि अर्थिंगमध्ये लावला. कुठेही पेटला नाही. पेटीत कपॅसिटर असेल तर मोटार बंद झाल्यावरही त्यात चार्ज उरतो, त्यामुळे काही मिनिटं थांबूनच हात घालावा. आणि मेन स्विच खाली असला तरी त्याच्या वरच्या, डीपीकडच्या टोकांत करंट असतोच. तिकडे हात न्यायचा नाही. डीपीवर तर नाहीच, ते काम लाइनमनचं.

अण्णांची मोटार 5 एचपीची, स्टार्टर साधा डीओएल, म्हणजे मोटारीकडे जाणाऱ्या वायरी तीनच. त्यातल्या कडेच्या दोन सोडवल्या, जागा बदलल्या, स्क्रू कसून आवळले. ढिला स्क्रू तापतो, एक फेज सुटतो आणि दोन फेजवर राहिलेली मोटार जळते. मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर मोटारीकडे सहा वायरी जातात. त्यांतल्या दोन चाळवू नयेत, जोडणीच चुकते. तिथे स्टार्टरला येणाऱ्या तीनपैकी दोन बदलायच्या.

मग दिशा पाहणं. पंपाच्या अंगावर बाण कोरलेला असतो. वर्षानुवर्षं रंग बसल्याने तो दडलेला होता, ओल्या फडक्याने घासल्यावर दिसला. अण्णांना पेटीपाशी उभं केलं आणि सांगितलं, "हिरवं दाबा, लगेच लाल." मी मागच्या पंख्याच्या जाळीपासून दोन हात लांब. मोटार पूर्ण वेगात असताना बघण्यात अर्थ नसतो. मिनिटाला 2,800 च्या वर फेरे असतात, आणि लुकलुकणाऱ्या दिव्याखाली किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात पंखा थांबल्यासारखा, नाहीतर चक्क उलटा फिरताना दिसतो. बंद केल्यावर तो सावकाश होत जातो, त्या शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत दिशा स्पष्ट कळते. पंख्याचा वरचा भाग ज्या बाजूला जातो त्याच बाजूला बाण हवा. जाळीत काडी किंवा फडकं घालून पाहणाऱ्यांची बोटं गेलेली मी पाहिली आहेत. दिशा बरोबर निघाली, मग पंप पाण्याने भरलेला आहे हे बघून मोटार चालू केली. तोट्या टकटक करत फिरू लागल्या.

बांधापलीकडे मात्र सबमर्सिबल होती, म्हणजे बघायला पंखाच नाही. तिथे पाण्यालाच विचारावं लागतं. व्हॉल्व्ह आहे तसाच ठेवून 200 लिटरचा पिंप भरायला लावला: 95 सेकंद. बंद केली, वर चढलेलं पाणी खाली उतरून पंप पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली, वर सांगितल्या रीतीने सप्लाय काढून दोन वायरी बदलल्या आणि पुन्हा तोच पिंप लावला: 58 सेकंद. ज्या दिशेने जास्त पाणी, ती बरोबर. पाइपाच्या तोंडाशी नुसतं बघितलं असतं तर दोन्ही वेळा "चांगलं येतंय" असंच आम्ही म्हटलं असतं.