हिरा इन्सुलेटर आणि सिलिकॉन सेमीकंडक्टर, मग दोघांत नेमका फरक काय?

बारावीच्या मुलांना शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतो आणि तो एकदम बरोबर प्रश्न असतो. पुस्तकात तीन आकृत्या शेजारी शेजारी असतात, कंडक्टर, सेमीकंडक्टर, इन्सुलेटर, आणि मुलं म्हणतात की सर, दुसरी आणि तिसरी आकृती तर सेमच आहे, खाली भरलेला बँड, वर रिकामा बँड, मधे गॅप, फक्त एकात गॅप जरा मोठी काढलीय, एवढ्यावरून नाव का बदललं? आणि दुसरीकडे खूप जणांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की सेमीकंडक्टर म्हणजे अर्धा धातू, तांब्यासारखाच पण जरा कमी दमाचा. खरं याच्या उलट आहे. सेमीकंडक्टर जातीने इन्सुलेटरचाच सख्खा भाऊ आहे, धातूचा कोणी नाही. आकृत्या सेम दिसतात कारण त्या सेमच आहेत.

आधी बँड म्हणजे काय ते पटकन बघू. एकट्या अणूत इलेक्ट्रॉनला ठरावीकच एनर्जी लेव्हल्स असतात. पण एक घन सेंटिमीटर सिलिकॉनमधे साधारण ५ वर २२ शून्यं एवढे अणू अगदी खेटून बसलेले असतात, मग प्रत्येक लेव्हल फुटून तेवढ्याच असंख्य लेव्हल्स होतात आणि त्या इतक्या जवळ जवळ की त्यांचा सलग पट्टाच होतो, तोच बँड. दोन पट्ट्यांच्या मधे जी एनर्जी कुठल्याच इलेक्ट्रॉनला घेता येत नाही ती गॅप. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ही गॅप म्हणजे अंतर नाही! अणूंच्या मधली फट नाही, क्रिस्टलमधली पोकळी नाही. आकृतीत वर-खाली जे दाखवतात ती एनर्जी आहे, म्हणून ती मिलिमीटरमधे नाही तर इलेक्ट्रॉन व्होल्टमधे मोजतात. वरच्या बँडमधला इलेक्ट्रॉन आणि खालच्या बँडमधला इलेक्ट्रॉन क्रिस्टलमधे एकाच जागी असू शकतात.

आता करंट कधी वाहतो? पाण्याची बाटली काठोकाठ भरा, एक थेंबही हवा ठेवू नका, झाकण घट्ट लावा आणि आडवी करा. आत काहीच हलताना दिसत नाही. पाणी कमी आहे म्हणून नाही, सरकायला मोकळी जागाच नाही म्हणून. अर्धी भरलेली बाटली जरा कलती केली की पाणी लगेच धावतं. भरलेल्या बँडचं तसंच आहे, व्होल्टेज लावलं तर इलेक्ट्रॉनला थोडीशी जास्त एनर्जी घेऊन शेजारच्या लेव्हलवर जायचं असतं, पण ती लेव्हल आधीच दुसऱ्याने अडवलेली, त्यामुळे एकूण करंट शून्य. इलेक्ट्रॉन भरपूर आहेत, तरी करंट नाही. तांब्यात सगळ्यात वरचा बँड अर्धाच भरलेला असतो म्हणून तिथे करंट धावतो. मॅग्नेशियमचा हिशोब केला तर बँड पूर्ण भरायला हवा, पण तिथे वरचा रिकामा बँड खाली उतरून भरलेल्यात घुसतो, गॅप उरतच नाही, म्हणून तोही धातू. म्हणजे धातू आणि बाकी दोघं यांच्यातला फरक हा प्रकाराचा फरक आहे, गॅप आहे की नाही, एवढाच प्रश्न. हे चित्र स्पष्टपणे मांडलं ते ॲलन विल्सन यांनी, १९३१ मधे.

मग हिरा आणि सिलिकॉन. ही जोडी मला फार आवडते कारण दोघांत बाकी सगळं सारखं आहे. एक कार्बन, एक सिलिकॉन, पिरिऑडिक टेबलच्या एकाच रांगेत वर-खाली, दोघांनाही बाहेर चार इलेक्ट्रॉन, दोघांत प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून, क्रिस्टलची रचनाही तीच. दोघांचा खालचा व्हॅलन्स बँड पूर्ण भरलेला, वरचा कंडक्शन बँड पूर्ण रिकामा. अगदी शून्य केल्विनला नेलं तर शुद्ध सिलिकॉन हा सुद्धा इन्सुलेटरच असतो, हिऱ्याइतकाच. फरक एकच, सिलिकॉनची गॅप १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि हिऱ्याची साधारण ५.५. कार्बनचे अणू जास्त जवळ असतात, त्यांच्यातलं अंतर १.५४ अँगस्ट्रॉम आणि सिलिकॉनमधे २.३५, त्यामुळे कार्बनचा बाँड जास्त घट्ट, आणि बाँड जेवढा घट्ट तेवढी त्यातून इलेक्ट्रॉन सोडवायला एनर्जी जास्त लागते. म्हणजे गॅप जवळपास पाचपट. फक्त पाचपट, बरं का. मग परिणामही पाचपटच असेल असं वाटतं, आणि इथेच सगळे फसतात.

खोलीच्या तापमानाला उष्णतेतून मिळणारी एनर्जी, ज्याला kT म्हणतात, ती असते फक्त ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. सिलिकॉनची गॅप याच्या ४३ पट आहे, म्हणजे सरळ विचार केला तर एकही इलेक्ट्रॉन वर जायला नको. पण उष्णता सगळ्यांना सारखी वाटली जात नाही, कोणा एखाद्याला अचानक खूप मिळते, आणि असं किती जणांचं होईल ते या फॅक्टरवर ठरतं:

```
e^(-Eg / 2kT)
```

Eg म्हणजे गॅप. खाली २ आलाय कारण एक इलेक्ट्रॉन वर गेला की खाली एक रिकामी जागा, म्हणजे होल, पण तयार होतो आणि दोघांचा हिशोब एकत्र होतो. (बाटलीतला हवेचा बुडबुडा आठवा, पाणी एकीकडे जातं आणि बुडबुडा उलट दिशेला, होलचं तसंच, तोही करंट वाहून नेतो.) महत्त्वाची गोष्ट ही की गॅप घातांकात बसलीय. घातांकातली पाचपट म्हणजे साधी पाचपट नाही.

आकडे घालून बघा. सिलिकॉनसाठी तो फॅक्टर येतो साधारण ४ भागिले १ वर १० शून्यं, त्याला उपलब्ध लेव्हल्सच्या संख्येने गुणलं की एका घन सेंटिमीटरमधे जवळपास एक हजार कोटी मोकळे इलेक्ट्रॉन मिळतात. ऐकायला खूप वाटतं, पण अणू किती आहेत बघा, पाच लाख कोटी अणूंमागे एक इलेक्ट्रॉन! तांब्यात अणूमागे एक असतो. आता हिऱ्याला तेच गणित लावा, उत्तर येतं एका घन सेंटिमीटरमधे १ भागिले १ वर २७ शून्यं. म्हणजे एक मोकळा इलेक्ट्रॉन सापडायला १ वर २७ शून्यं एवढे घन सेंटिमीटर शुद्ध हिरा हवा, आणि पृथ्वीचं घनफळ जवळपास तेवढंच आहे. अख्ख्या पृथ्वीएवढा हिरा घेतला तरी त्यात खोलीच्या तापमानाला उष्णतेने वर गेलेला इलेक्ट्रॉन मिळेल एखाददुसरा. गॅपमधे पाचपट फरक, आणि इलेक्ट्रॉनच्या संख्येत १ वर ३७ शून्यं एवढ्या पटीचा. मी हे पहिल्यांदा कागदावर स्वतः केलं तेव्हा दोनदा तपासलं होतं, तुम्हीही करून बघा, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

हा फरक डोळ्यांनीही दिसतो, मीटर लागत नाही. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात साधारण १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट एनर्जी असते. सिलिकॉनला १.१२ पुरते, म्हणून तो हा सगळा प्रकाश गिळतो आणि आपल्याला काळपट चकचकीत, आरपार न दिसणारा तुकडा दिसतो, आणि म्हणूनच छतावरचं सोलर पॅनल चालतं. हिऱ्याला लागतात ५.५, दिसणाऱ्या प्रकाशात तेवढा दम नाही, त्यामुळे प्रकाश आत शिरतो आणि तसाच बाहेर पडतो. शुद्ध हिरा पारदर्शक असतो तो याच गॅपमुळे.

मग रेष कुठे मारायची? पुस्तकात ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लिहिलेलं असतं, परीक्षेत तेच लिहा, पण तो निसर्गाचा नियम नाही. पांढऱ्या एलईडी बल्बच्या चिपमधे जो गॅलियम नायट्राइड असतो त्याची गॅप ३.४ आहे आणि तो पक्का सेमीकंडक्टर मानला जातो. व्यवहारात प्रश्न असा असतो की भेसळ करून, म्हणजे डोपिंग करून, त्याला वाहतं करता येतं का. सिलिकॉनमधे दहा लाख अणूंमागे एक फॉस्फरस टाकला तर मोकळे इलेक्ट्रॉन ५० लाख पट वाढतात, कारण फॉस्फरसचा पाचवा इलेक्ट्रॉन कंडक्शन बँडच्या फक्त ०.०४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली बसलेला असतो, खोलीची उष्णता त्याला आरामात वर ढकलते. हिऱ्यात नायट्रोजन टाकला तर त्याचाही एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो, पण तो बसतो १.७ खाली, तिथून वर येणं जवळपास अशक्य. बोरॉनचं मात्र जमतं, त्याला व्हॅलन्स बँडमधून इलेक्ट्रॉन उचलायला ०.३७ लागतात, जास्त आहे पण थोडे तरी जातात आणि होल तयार होतात. निळे हिरे निळे असतात ते बोरॉनमुळेच आणि ते खरंच करंट वाहतात. आंध्रातल्या गोवळकोंड्याच्या कोल्लूर खाणीतून गेलेला मानतात तो होप डायमंड, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधे आहे, तो असाच सेमीकंडक्टर हिरा आहे. म्हणजे हिरा कायमचा इन्सुलेटर असं पण नाही.

आता समजा हातात एक तुकडा आलाय आणि धातू आहे की सेमीकंडक्टर ते ओळखायचंय. नुसता रेझिस्टन्स मोजून कळत नाही, गरम करून मोजा. धातूत इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात, अणू जास्त थरथरतात आणि वाट अडवतात, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. जुन्या पिवळ्या बल्बची टंगस्टनची तार थंड असताना मीटरने मोजा आणि पेटल्यावरचा रेझिस्टन्स वॅटवरून काढा, १०० वॅट आणि २३० व्होल्टला ५२९ ओहम येतो, थंड तारेचा त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरतो. शुद्ध सिलिकॉनचं उलट, दर ९-१० अंशांना मोकळे इलेक्ट्रॉन दुप्पट होतात आणि रेझिस्टन्स धाडकन खाली येतो.

पण या टेस्टमधे एक खड्डा आहे आणि त्यात चांगले चांगले पडतात. डोप केलेला सिलिकॉन घेतला तर खोलीच्या तापमानाच्या आसपास तो धातूसारखा वागतो, गरम केला की रेझिस्टन्स वाढतो! कारण फॉस्फरसने द्यायचे ते सगळे इलेक्ट्रॉन आधीच देऊन झालेले असतात, संख्या वाढत नाही, अडथळा मात्र वाढतो. मग विद्यार्थी लिहून टाकतो की हा धातू आहे. अशा वेळी थांबू नका, अजून गरम करत जा. २०० अंशांच्या आसपास सिलिकॉनचे स्वतःचे, गॅप ओलांडून येणारे इलेक्ट्रॉन खोलीच्या मानाने हजारो पट झालेले असतात, हलकं डोपिंग असेल तर ते भेसळीच्या इलेक्ट्रॉनना गाठू लागतात आणि रेझिस्टन्सचा ग्राफ वळून खाली यायला लागतो. डोपिंग जास्त असेल तर हे वळण अजून पुढे सरकतं, पण येतं. तांब्याचा ग्राफ मात्र वितळेपर्यंत कुठेही असा वळत नाही.