मिक्सर कुठल्या साइटच्या नावावर? (आमच्या कॉन्ट्रॅक्टर ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दर मार्चला आणि प्रत्येक साइट संपली की आमच्या ऑफिसात एकच प्रश्न येतो, की साहेब या साइटवर मला खिशात पैसे दिसले होते, मग तुमच्या साइटवार नफ्याच्या शीटवर तोटा कसा? शीट उघडून बघितलं की बहुतेक वेळा तोटा नसतोच, त्या साइटसाठी घेतलेली मशीन तिच्याच नावावर पूर्ण पडलेली असते आणि उरलेला माल दुसरीकडे गेलेला असतो पण त्याचा कागद आमच्याकडे आलेला नसतो. फोनवर पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून देतोय. मजुरी, सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं, रिटेन्शन हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहितीये, त्यात जात नाही.

एक उदाहरण धरून चालू. शाळेच्या खोल्यांचं काम, जीएसटी सोडून ठरलेली रक्कम 12,50,000. काम 1 जून 2024 ला सुरू झालं आणि सप्टेंबरअखेर संपलं. मटेरियल 7,90,000 चं आलं, मजुरी 3,20,000, किरकोळ खर्च 60,000, आणि याच कामासाठी 1 जूनला नवीन मिक्सर घेतला 2,10,000 ला (जीएसटीचं क्रेडिट घेतलंय म्हणून तो यात नाही). सगळं मिळून 13,80,000. म्हणजे 1,30,000 तोटा. आमच्याकडे फक्त बिलं आली तर शीट हेच म्हणणार, कारण बिलावर डिलिव्हरीचा पत्ता शाळेचा आहे आणि पुढचं कुणी सांगितलेलंच नाही.

आता मिक्सर काही शाळेत पुरून टाकलेला नाही. तो 1 ऑक्टोबरला तुमच्या दुसऱ्या साइटवर, सोसायटीच्या कामावर गेला. मग शाळेनं त्याचं किती खाल्लं? तर चार महिने. आम्ही मशीनचं आयुष्य तुम्हाला विचारूनच धरतो, या मिक्सरला पाच वर्षं आणि शेवटी भंगारात 30,000 येतील असं धरलं, म्हणजे झिजणार 1,80,000, साठ महिन्यांत, महिन्याला 3,000. चार महिन्यांचे 12,000. शाळेच्या खात्याला आधी 2,10,000 नावे टाकले होते, मिक्सर निघाला त्या दिवशी 1,98,000 जमा केले, निव्वळ बोजा 12,000 राहिला. तेच 1,98,000 सोसायटीच्या खात्याला नावे. 31 मार्च 2025 पर्यंत तिथे सहा महिन्यांचे 18,000 लागले आणि मिक्सर 1,80,000 ला साइटवर शिल्लक म्हणून पुढच्या वर्षात गेला.

काहीजण म्हणतात एवढी उलटापालट कशाला, सरळ 12,000 नावे टाका ना. उत्तर तेच येतं, खरंय. पण मशीन महिनोन्महिने एकाच साइटवर राहणार असेल तर पूर्ण किंमत टाकून शिल्लक किंमत जमा करण्यात एक फायदा आहे, कुठली मशीन आत्ता कुठे उभी आहे ते खात्यावरच दिसतं आणि वर्षअखेर कोणी विसरत नाही. याउलट जी मशीन आठवड्यात दोन-तीन साइट फिरते, म्हणजे जेसीबी, कॉम्प्रेसर, डीवॉटरिंग पंप, तिथे आम्ही पूर्ण किंमत कुठल्याच साइटवर टाकत नाही. तिचा ताशी दर काढतो आणि ऑपरेटरच्या लॉगबुकात जेवढे तास तेवढे त्या साइटला. लॉगबुक नसेल तर आम्हाला अंदाजाने वाटप करावं लागतं आणि मग त्या साइटचा नफाही अंदाजच असतो, त्यावर भांडू नका.

दोन गोष्टींवर मात्र हमखास वाद होतो म्हणून जरा बाजू मांडतो. पहिली, पावसात काम बंद होतं, मिक्सर हललाच नाही, तरी महिन्याचे 3,000 का? कारण तो त्या साइटसाठी अडकून होता, दुसरीकडे वापरता आला नाही, आणि आपण झीज वेळेवर धरलीये, फेऱ्यांवर नाही. तुम्हाला तो बोजा नको असेल तर मशीन यार्डात आणा आणि तसं कळवा, त्या दिवसापासून तो खर्च साइटवरून निघून कंपनीच्या सामान्य खर्चात जाईल. दुसरी, इन्कम टॅक्सला 15 टक्के लागतात मग इथे वेगळा आकडा का? इन्कम टॅक्सला तुमच्या साइटशी घेणंदेणं नाही, तिथे मशीन घेतली त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्या वर्षी निम्मा दर आणि नाहीतर पूर्ण दर, एवढंच बघतात. साइटचा हिशोब आपल्याला पुढचं टेंडर भरायला हवाय, म्हणून तो महिन्यावर, आणि मध्येच मशीन हलली तर दिवसावर, म्हणजे या मिक्सरला दिवसाचे 100 रुपये. दोन्ही आकडे वेगळे असणारच, आम्ही दोन्ही ठेवतो.

आता माल. शाळेवरून 2 टन सळई उरली, तीही मिक्सरबरोबर सोसायटीवर गेली, आणि 30 बॅग सिमेंट गोडाऊनला परत आलं. सळई खरेदीला 56,000 टन पडली होती म्हणून 1,12,000 शाळेला जमा, सोसायटीला नावे. इथे हटकून कोणीतरी म्हणतो, आज तर रेट 60,000 आहे, 1,20,000 धरा. नाही धरत. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर माल गेला म्हणून तुमच्या खिशात काही आलेलं नाही, आजचा रेट धरला तर शाळेवर 8,000 चा फुकटचा नफा दिसेल आणि तो सोसायटीला भरावा लागेल. माल वेगवेगळ्या रेटने आला असेल तर आधी आलेला आधी वापरला असं धरतो, आणि हे वर्षभर बदलत नाही. टेम्पोचं भाडं ज्या साइटला माल मिळाला तिच्यावर. सिमेंट 350 ने 10,500, ते शाळेला जमा आणि गोडाऊनच्या स्टॉकला नावे, पण बॅगा चांगल्या असतील तरच. गठ्ठा झालेलं सिमेंट परत पाठवून पूर्ण किंमत जमा करून घ्यायचा प्रकार आम्ही करत नाही. कापलेले तुकडे भंगारात विकले असतील तर जेवढे पैसे आले तेवढेच जमा, आणि साइटवरून चोरी झाली असेल तर तो माल साइटच्या खर्चातून काढून वेगळा नुकसान म्हणून दाखवतो, कारण चोरीचा खर्च पुढच्या टेंडरच्या रेटमध्ये मिसळला तर रेट उगाच चढतो.

हे सगळं धरलं की शाळेला 1,98,000, 1,12,000 आणि 10,500 जमा झाले, एकूण 3,20,500. दिसत होता 1,30,000 तोटा, खरा आहे 1,90,500 नफा. आणि इकडे सोसायटीच्या कामावर उलटं, तिथे मिक्सरचे 18,000 आणि सळईचे 1,12,000 लागलेच नसते तर ते काम 1,30,000 ने स्वस्त दिसलं असतं. मग तसलंच पुढचं काम तुम्ही त्याच भरवशावर कमी रेटने भरता आणि शाळेसारखं काम तोट्याचं म्हणून सोडता. आमच्या मते खरं नुकसान हे आहे, शीटवरचा आकडा नंतर दुरुस्त होतो, भरलेलं टेंडर होत नाही.

आता ज्या एका चुकीत आमचे तासन् तास जातात ती. ट्रान्सफरची चिठ्ठी येतच नाही किंवा येते ती अशी: "मिक्सर + सळई 188 नग सोसायटीला पाठवले." तारीख नाही, एमएम नाही, घेणाऱ्याची सही नाही. तारीख नसली की मिक्सरचे महिने कुठे तोडायचे ते कळत नाही, मग सुपरवायझरला फोन, त्याला आठवत नाही, टेम्पोवाल्याचं बिल शोधा, ते सापडलं तर त्यावरून तारीख. मिक्सरला महिन्याचे 3,000 आहेत म्हणून चालून जातं, मोठ्या मशीनला महिन्याला 40,000 असतील तर तारखेच्या घोळात साइटचा नफा कुठल्या कुठे जातो.

आणि एमएम नसेल तर सळईचं वजनच निघत नाही. काटा नसेल तरी चालेल, जाडी आणि नग लिहा, बाकी आम्ही करतो. जाडीचा वर्ग भागिले 162 म्हणजे मीटरला किती किलो. 12 एमएमची सळई मीटरला 0.889 किलो, 12 मीटरची अख्खी सळई साधारण 10.67 किलो, 188 सळयांचे 2 टन आणि वर पाच-सहा किलो. त्याच 188 सळया 16 एमएमच्या असत्या तर वजन साडेतीन टन झालं असतं. तुकडे पाठवत असाल तर लांबी पण लिहा.

सही यासाठी की 188 निघाल्या आणि 180 उतरल्या असं होतं. आठ सळया म्हणजे 85 किलो, सुमारे 4,800 रुपये. पाठवणाऱ्याने 188 लिहिलं, घेणाऱ्याने 180 वर सही केली, तर आम्ही शाळेला 188 जमा करतो, सोसायटीला 180 नावे टाकतो आणि मधल्या आठ वेगळ्या दाखवतो, म्हणजे विचारायचं कुणाला ते तुम्हाला कळतं. एकच सही असेल तर त्या आठ सळया कोणत्या तरी निरपराध साइटच्या माथी बसतात.

यासाठी आम्ही तीन कॉपीचं चिठ्ठीपुस्तक छापून ठेवलंय: एक पाठवणाऱ्या साइटला, एक घेणाऱ्याला, एक आम्हाला. मंथली पॅकेज असलेल्यांना ते फुकट, बाकीच्यांना छपाईच्या खर्चात. गाडीबरोबर डिलिव्हरी चलन तुम्ही करताच, त्याचाच नंबर चिठ्ठीवर टाका. दोन्ही सह्या झाल्या की फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, आमच्याकडून टॅलीत एका साइटच्या गोडाऊनमधून दुसऱ्या साइटच्या गोडाऊनमध्ये त्याच दिवशी एंट्री पडते. फोटो वेळेत येणाऱ्यांना साइटवार नफ्याची शीट पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मिळते. मार्चमध्ये वर्षभराच्या चिठ्ठ्या एकदम आणून देणाऱ्यांना त्या कामाचे वेगळे पैसे लागतात, दर ऑफिसात लावलाय.

गोव्यात काम घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, तिथलं जीएसटी रजिस्ट्रेशन वेगळं घेतलं असेल तर सावंतवाडीच्या साइटवरून पणजीच्या साइटवर सळई नुसत्या चिठ्ठीवर पाठवता येत नाही, मालक एकच असला तरी कायद्याने ते दोन वेगळे धरतात आणि टॅक्स इनव्हॉइस लागतं. अशी गाडी सुटायच्या आदल्या दिवशी फोन करा, इनव्हॉइस आणि ई-वे बिल आम्ही करून देतो.