‘पूर्ण’ झालेला व्हिडिओ आणि पाहिलेला व्हिडिओ

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात सक्तीच्या प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे आहे. आगीपासून सुरक्षेचा दहा मिनिटांचा व्हिडिओ लूम आणि शिलाई खात्यातल्या 64 जणांना मोबाईलवर दिला होता. प्रशिक्षणाची नोंद ठेवणाऱ्या एलएमएस या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये 62 जणांपुढे हिरवी खूण आली आणि ती मी तशीच वर पाठवली. तीच माझी चूक झाली.

ती खूण म्हणजे ‘पूर्ण झाला’ असा एक शेरा असतो. प्रशिक्षणाचा धडा, म्हणजे मॉड्यूल, एलएमएसला निकाल कसा कळवतो याचे ठरलेले नियम असतात. त्यातल्या जुन्या स्कॉर्म 1.2 पद्धतीच्या मॉड्यूलमध्ये तो `cmi.core.lesson_status` या जागी लिहिला जातो आणि कधी लिहायचा हे मॉड्यूल बनवणारा ठरवतो. बहुतेकदा अट एकच असते, ती म्हणजे व्हिडिओ शेवटाला पोचणं. बोटानं पट्टी ओढून शेवटच्या दोन सेकंदांवर नेली तरी व्हिडिओ संपतोच, आणि शेरा पडतो. म्हणजे कुठपर्यंत पोचला एवढंच त्यातून कळतं. वाटेत काय पाहिलं ते कळत नाही.

पाहिलेलं मोजायचं तर कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत व्हिडिओ खरोखर चालला, त्याचे तुकडे लागतात. एक्सएपीआय या नव्या पद्धतीत व्हिडिओसाठी ठरवलेल्या नियमांत, म्हणजे व्हिडिओ प्रोफाइलमध्ये, ते असे येतात:

```
"played-segments": "0[.]90[,]240[.]330[,]560[.]600"
```

ही आमच्याच एका कर्मचाऱ्याची नोंद. तुकडे तीन: 0 ते 90, 240 ते 330 आणि 560 ते 600. 90, 90 आणि 40 मिळून 220 सेकंद झाले. व्हिडिओ 600 सेकंदांचा, म्हणजे जेमतेम 37 टक्के पाहिला. पोचला मात्र शंभर टक्के. दोन्ही आकडे खरेच आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

इथं हिशेबात एक गोची होते. कुणी 240 ते 330 हा भाग दोनदा पाहिला, तर सगळ्या तुकड्यांची नुसती बेरीज 310 येते. म्हणून एकमेकांवर येणारे तुकडे आधी जोडून घ्यायचे आणि मगच मोजायचं. घड्याळाचा वेळ तर धरूच नये. दुप्पट वेगानं सगळा व्हिडिओ पाहणाऱ्याला पाचच मिनिटं लागतात, आणि व्हिडिओ थांबवून चहाला गेलेल्याचा अर्धा तास होतो.

एकेकट्याचे टक्के काढून मॉड्यूलचा दोष सापडत नाही. त्यासाठी मी व्हिडिओचे दहा-दहा सेकंदांचे कप्पे केले आणि प्रत्येक कप्पा किती जणांनी पाहिला ते मांडलं. माणसं कंटाळून सोडून गेली असतील तर आकडा खाली येतो आणि खालीच राहतो. पुढं ढकललं असेल तर तो खड्ड्यात जातो आणि पुन्हा वर येतो. आमच्याकडे असे दोन खड्डे निघाले.

पहिला होता 90 ते 240 सेकंदांचा. तिथं कंपनीची ओळख होती आणि तीच ओळख आमच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये आहे. लोकांनी ती आधी पाहिलेली होती, त्यामुळे त्यात त्यांची काही चूक नव्हती. आम्ही तो भाग कापून टाकला.

दुसऱ्या खड्ड्यानं मात्र माझी झोप उडवली. 330 ते 560 या भागात कापसाचे बारीक तंतू लूमखाली साठले की ते कसे पेटतात, आणि पाणी मारण्याआधी वीज का बंद करायची, हे होतं. तो जेमतेम अकरा जणांनी पाहिला होता. लोक घाईत असते तर कुणी 400 वर उतरलं असतं, कुणी 500 वर. पण जवळजवळ सगळे 560 च्या आसपासच उतरले होते. एवढी माणसं एकाच जागी उतरतात तेव्हा कारण बहुतेक व्हिडिओतच असतं.

शिलाई खात्यातल्या एका ताईंना मी मोबाईलवर व्हिडिओ लावून दाखवायला सांगितलं. 330 आलं आणि त्यांचं बोट पट्टीवर गेलं. म्हणाल्या, “मॅडम, इथं आवाजच बंद पडतो की. मला वाटलं अडकलं.” खरंच, तो सगळा भाग नुसत्या लिहिलेल्या पाट्यांचा होता, तोही अशा बारीक अक्षरात की पाच इंची पडद्यावर दिसू नये. आमच्याकडे निम्म्या लोकांची घरची भाषा तेलुगू. त्यांना तर मराठी वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं. निवेदन पुन्हा सुरू व्हायचं ते 560 ला.

पुढं ढकलायची सोयच बंद करून टाका, असा सल्ला मला मिळाला होता. मी तो मानला नाही. पट्टी लॉक केली की माणूस मोबाईल खिशात ठेवतो आणि व्हिडिओ आपला चालत राहतो. मग तुकडेही शंभर टक्के दिसतात आणि खड्डा कुठं होता हे कायमचं झाकलं जातं. तुकड्यांची मर्यादाही हीच आहे. व्हिडिओ चालला एवढं ते सांगतात. समोर डोळे होते की नाही, हे त्यांना कळत नाही. एकाच्या लॉगिनवर चौघांनी मिळून पाहिलं, तर तेही त्यात येत नाही.

त्या 230 सेकंदांना आम्ही मराठी आणि तेलुगू आवाज दिला, पाट्या काढून लूमखालचं खरं चित्रण घातलं. आधीचा ‘पूर्ण’ शेरा तसाच ठेवला, पण ज्यांच्या तुकड्यांत तो भाग नव्हता त्यांना तेवढाच भाग वेगळा पाठवला, आणि विजेचा मेन स्विच कुठं आहे ते प्रत्येकाला खात्यात उभं राहून बोटानं दाखवायला लावलं.